शनिवारचा पेपर आणि सोमवारचा पालक

उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर

दहावीच्या समस्त पालकांना,


पत्रास कारण की, क्लासमध्ये दिवाळीनंतर उजळणीचं वेळापत्रक आणि दर शनिवारी वीस गुणांचा पेपर सुरू होतो आहे. ही गोष्ट मी पालकांच्या ग्रुपवर दोन ओळींत टाकली होती. तिच्यावर नमस्काराची चित्रं आली, अंगठे आले, एका पालकांनी शुभ सकाळचा गुलाब पाठवला आणि एकानं जागेवरच 'पहिला नंबर कुणाचा?' असं विचारलं. पेपर अजून निघायचा होता. तेव्हा सगळं एकदाच सविस्तर लिहून, मुलांच्या हाती, छापील कागदावर पाठवतो आहे. कागद तुमच्यापर्यंत पोचला, तर तुमचं मूल विश्वासू आहे असं समजावं. तो दप्तराच्या तळाशी, चिवड्याच्या पुडीखाली सापडला, तर मूल नेहमीसारखंच आहे.

आधी घाई का, ते सांगतो. आपल्या डोक्यात अजून 'मार्चची परीक्षा' आहे. २०२४ साली दहावीची लेखी परीक्षा १ मार्चला सुरू झाली होती, २०२५ साली ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे आठवडाभर बोर्डानंच काढून घेतला. उरलेला वेळ आपण काढून घेतो. दिवाळी संपली की लग्नं, लग्नं चालू असतानाच उसाची तोड, मग शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम. तालमीची मॅच असली की माझ्या क्लासमधली निम्मी पोरं एकाच वेळी पोट दुखून घरी असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोटदुखीनं त्यांचे घसे बसलेले असतात. शिवाय जानेवारीत शाळेची सराव परीक्षा. या सगळ्यातून जो वेळ उरतो, त्यात बीजगणिताचे सहा धडे आणि भूमितीचे सात पुन्हा फिरवायचे आहेत. हे पत्र बीजगणितापुरतं आहे. भूमितीचं पत्र वेगळं येईल, त्यात प्रमेयं आहेत, ती वाचायला तुम्हाला बळ लागेल.

आता उजळणी म्हणजे काय, यावर तुमचं आणि माझं एकमत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या मते उजळणी म्हणजे मुलानं मांडी घालून बसावं, पुस्तक समोर असावं, ओठ हलावेत आणि टीव्ही बंद असावा. आई भाकरी थापताना आत डोकावते, ओठ हलताना दिसतात, ती समाधानानं परत जाते. ओठ अभ्यासाचे हलताहेत की कालच्या मॅचची कॉमेंट्री चालली आहे, हे भाकरीच्या अंतरावरून कळत नाही. पण समजा, पोर खरोखर वाचतंय. तरी पंचाईत आहेच. सोडवलेलं गणित दुसऱ्यांदा वाचलं की ओळखीचं वाटतं, तिसऱ्यांदा वाचलं की सोपं वाटतं आणि चौथ्यांदा पोर म्हणतं, 'येतंय मला.' येत नसतं. ते फक्त ओळखीचं झालेलं असतं. गांधीनगरच्या बाजारात रोज दिसणारा माणूस आपल्या ओळखीचा असतो, पण त्याचं नाव विचारलं तर आपण वर बघतो.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी याचा एक प्रयोग केला. कॉलेजातल्या मुलांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून जेवढं आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढं होते. आठवड्यानं परीक्षा घेतली, तर पुन्हा वाचणाऱ्यांना उताऱ्यातलं ४२ टक्के आठवलं आणि मिटून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आपली अडचण अशी, की आई भाकरी टाकून येते आणि पाच मिनिटांनीच विचारते. तेव्हा पोर धडाधड सांगतं. बोर्ड मात्र महिन्यांनी विचारतं आणि त्याच्या हातात भाकरीही नसते.

म्हणून शनिवारचा पेपर. हा पेपर म्हणजे परीक्षा नव्हे, हीच उजळणी आहे. पुस्तक मिटून, डोक्यातून ओढून काढायचं. जे निघतं ते पक्कं होतं, जे निघत नाही ते काय आहे हे निदान कळतं.

पेपराची रचना अशी. गुण वीस, वेळ एक तास. हे मी कंजूषपणानं ठरवलेलं नाही. बोर्डाचा बीजगणिताचा पेपर चाळीस गुणांचा आणि दोन तासांचा असतो, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. तोच हिशेब इथं आहे. वीसपैकी दहा गुण त्या आठवड्यात शिकवलेल्या धड्यावर. सहा गुण गेल्या महिन्याभरातल्या धड्यांवर. उरलेले चार गुण त्याहून जुन्या, सगळ्यांनी 'झाला तो' म्हणून हात झटकलेल्या धड्यावर. असं केलं की प्रत्येक धडा मुलाच्या समोर आधी लगेच येतो, मग एक-दोन आठवड्यांनी येतो आणि मग थेट विसरायला लागल्यावर येतो. विसरायला लागल्यावर येणं महत्त्वाचं. ताजं असताना विचारलं तर काढायला कष्ट पडत नाहीत आणि कष्ट पडले नाहीत तर पक्कं होत नाही. पूर्ण विसरल्यावर विचारलं तर काढायलाच काही उरत नाही. मधली वेळ साधायची असते आणि ती मधली वेळ नेमकी तुमच्या पुतण्याच्या साखरपुड्याच्या शनिवारी येते.

या पेपरात प्रश्न सरमिसळ असतील आणि कुठल्याही प्रश्नावर धड्याचं नाव नसेल. यावर वर्गात मोठं आंदोलन झालं. "सर, ह्यो कितव्या धड्यातला?" हा प्रश्न मला पेपर वाटून पहिल्या मिनिटात येतो. मी सांगत नाही. कारण सांगितलं की निम्मं गणित मीच सोडवून दिलं.

उदाहरण घ्या. दोन संख्यांची बेरीज १५ आहे, वजाबाकी ३ आहे, संख्या कोणत्या? आणि दुसरं, दोन संख्यांची बेरीज १५ आहे, गुणाकार ५४ आहे, संख्या कोणत्या? दोन्हींचं उत्तर एकच, ९ आणि ६. पण पहिलं गणित पहिल्या धड्यातलं, दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. दोन समीकरणं मांडा, मिळवा, संपलं. दुसरं गणित दुसऱ्या धड्यातलं, वर्गसमीकरणाचं. एक संख्या x धरली तर दुसरी १५ वजा x, दोघांचा गुणाकार ५४, त्यातून

x² − 15x + 54 = 0

मग त्याचे अवयव पाडायचे. ज्या आठवड्यात वर्गसमीकरणं शिकवली, त्या आठवड्यात मुलं दिसेल त्या संख्येचा वर्ग करत सुटतात. पहिल्या गणितात कुणी गुणाकाराचं नावही काढलेलं नसताना त्याचंही वर्गसमीकरण मांडतात आणि मग तासभर त्याचे अवयव शोधतात. अवयव सापडत नाहीत, कारण मुळात ते समीकरणच त्यांचं नसतं. धड्याखालची गणितं धड्याखालीच सोडवली की सोडवायला येतात, कुठलं हत्यार उचलायचं ते कळत नाही. बोर्डाच्या पेपरात मात्र सहा धडे एकमेकांच्या मांडीवर बसलेले असतात.

सरमिसळ पेपराचा एक तोटा आहे आणि तो तुम्हाला पहिल्याच शनिवारी दिसेल. गुण कमी पडतील. मागच्या महिन्यात एकाच धड्याच्या पेपरात अठरा आणणारी मुलगी बारावर येईल आणि तुम्ही मला फोन कराल. फोन जरूर करा, पण त्याआधी पुढचं वाचा. २००७ साली फ्लोरिडात रोहरर आणि टेलर यांनी मुलांना घनफळाची गणितं दिली. काहींना एकेका आकाराची सलग दिली, काहींना सगळे आकार मिसळून दिले. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के गणितं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६०. आठवड्यानं परीक्षा घेतली, तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर. आता ही मुलं उचगावची असती, तर सलगवाल्यांच्या पालकांनी ८९ टक्क्यांना पेढे वाटले असते आणि मिसळवाल्यांच्या पालकांनी क्लास बदलला असता. पुढची परीक्षा बघायला कुणी थांबलंच नसतं. मिसळीचं महत्त्व कोल्हापूरकराला फ्लोरिडातून समजावून सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

आता मुख्य मुद्दा. तपासलेला पेपर सोमवारी घरी येईल. त्यावर डाव्या कोपऱ्यात गुण असतील, लहान अक्षरात. मी ते मुद्दाम लहान लिहितो, तरी तुम्हाला तेच आधी दिसतील. चाळिशीचा चष्मा घरात सापडत नसतानाही दिसतील. तुम्ही कृपया उजव्या समासात बघा. तिथं प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढं एक अक्षर असेल आणि ते मुलानं स्वतः लिहिलेलं असेल. अक्षरं चार आहेत. 'वि' म्हणजे विसरलो. 'ओ' म्हणजे येत होतं, पण कुठल्या पद्धतीनं सोडवायचं ते ओळखलं नाही. 'स' म्हणजे समजलंच नव्हतं. 'ग' म्हणजे गडबड.

चार अक्षरं कशासाठी? कारण चारही आजारांची औषधं वेगळी आहेत. विसरलेलं पुन्हा तीन दिवसांनी आणि मग पुढच्या शनिवारी विचारायचं. न ओळखलेल्यासाठी वेगवेगळ्या धड्यांची दहा गणितं द्यायची आणि एकही न सोडवता फक्त 'हे कशानं सुटेल' एवढं लिहायला सांगायचं. न समजलेलं घेऊन माझ्याकडं यायचं, घरी तेच दहा वेळा लिहिलं तर न समजलेलंच पाठ होतं. आणि गडबडीला ताळा करायला लावायचा. तुमच्याकडं सध्या या चारही आजारांना एकच औषध आहे: "मोबाईल काढून घेतो तुझा." या औषधानं मोबाईल जातो, आजार राहतो.

एक नमुना सांगतो. हा आधी करून बघितलेला पेपर अर्थनियोजनाच्या आठवड्यातला आहे. मुलगा कुणाचा ते सांगत नाही, ज्यांचा आहे त्यांना कळेल. बाकीच्यांनी अंदाज बांधू नये आणि बांधलाच तर ग्रुपवर टाकू नये. मुलाला वीसपैकी ११ पडले. घरी 'फक्त अकरा?' या दोन शब्दांत विषय संपला. मी तो पेपर उलगडून सांगतो, म्हणजे नऊ गुण कुठं गेले ते कळेल.

चार गुण गेले ते बेरीज आणि वजाबाकीच्या वरच्या गणितात. पठ्ठ्यानं वर्गसमीकरण मांडलं. समासात त्यानं 'स' लिहिलं, म्हणजे समजलं नव्हतं. मी त्याला दोन समीकरणं मांडून दिली, तर त्यानं दीड मिनिटात सोडवली. म्हणजे समजलेलं होतं, ओळखलं नव्हतं. 'स' खोडून 'ओ' केलं. चार गुणांचं दुखणं दीड मिनिटाचं निघालं.

दोन गुण गेले अंकगणिती श्रेढीच्या बेरजेत. सूत्रच आठवलं नाही, जागा कोरी सोडली. 'वि'. हे प्रामाणिक अक्षर आहे, त्याबद्दल मी त्याची पाठ थोपटली. कोऱ्या जागेत काहीतरी लिहून शिक्षकाला कोड्यात पाडण्याची कला आपल्याकडं भरपूर आहे.

दोन गुण गेले जीएसटीत. प्रश्न असा होता: करासकट किंमत ५९० रुपये, दर १८ टक्के, तर मूळ किंमत आणि कर किती? यानं ५९० चे १८ टक्के काढले, १०६ रुपये २० पैसे आले. ते वजा केले, मूळ किंमत आली ४८३ रुपये ८० पैसे. दिसायला एकदम सुबक. समासात लिहिलं 'ग'. मी म्हटलं, ताळा कर. ४८३.८० वर १८ टक्के कर लावला, ८७ रुपये ८ पैसे. एकूण झाले ५७० रुपये ८८ पैसे. गिऱ्हाइकानं तर ५९० दिले होते. "वरचे एकोणीस रुपये कुठं गेले रे?" मुलगा बराच वेळ छताकडं बघत होता. मग शेजारी बसलेला, ज्याच्या घरच्यांचं गांधीनगरात कापडाचं दुकान आहे असा विद्यार्थी, मान वर न करता म्हणाला, "सर, कर शंभरावर लागतोय, म्हणजे किंमत एकशे अठरा झाली. पाचशे नव्वदला एकशे अठरानं भागायचं, शंभरानं गुणायचं. पाचशे." आणि ९० कर. हा विद्यार्थी भूमितीत त्रिकोण आणि चौकोन यांच्यात फार भेद करत नाही, पण बिलात त्याला फसवून दाखवा. तर ही गडबड नव्हती. १८ टक्के कशाचे, हेच समजलं नव्हतं. 'ग' खोडून 'स' केलं.

शेवटचा एक गुण गेला तो सगळ्यांत मजेशीर. १२, १६, २०, २४ या श्रेढीचं २४ वं पद काढा. यानं १२ मध्ये २४ चोक ९६ मिळवले आणि १०८ लिहिलं. खरं उत्तर १०४. समासात 'ग'. घरी वडिलांनीही हेच निदान केलं होतं: "येतंय ओ सर त्याला, गडबडीत चुकलंय." आता इथं थोडं थांबतो, कारण 'गडबडीत चुकलं' हे आपल्या तालुक्यातलं सगळ्यांत लोकप्रिय वाक्य आहे. त्यात पोराची अक्कलही शाबूत राहते आणि बापाची मानही. पण ते खरं की खोटं, हे तपासता येतं. दोन दिवसांनी, न सांगता, आकडे बदलून तसंच गणित द्यायचं. बरोबर आलं तर खरंच गडबड होती. पुन्हा तशीच, त्याच वळणाची चूक झाली, तर ती गडबड नव्हे. गडबड अशी नेमानं एकाच जागी होत नाही. मी त्याला ५, ८, ११ या श्रेढीचं विसावं पद विचारलं. उत्तर ६२ यायला हवं. त्यानं लिहिलं ६५. पुन्हा एक फरक जास्त मिळवला होता. मग आम्ही दाराबाहेर जाऊन रस्त्याकडंचे विजेचे खांब मोजले. चार खांब, मधली अंतरं तीन. पहिल्या खांबाजवळ उभं राहायला चालावं लागत नाही. विसाव्या खांबापर्यंत एकोणीस अंतरं चालावी लागतात, चोविसाव्यापर्यंत तेवीस. त्याच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला, तो त्या खांबावरच्या दिव्याचा नव्हता, कारण तो दिवा गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे.

म्हणजे अकरा गुणांच्या पेपरात काय निघालं? एक 'वि', एक 'ओ' आणि दोन 'स', त्यातल्या दोन ठिकाणी मुलाचं स्वतःचं निदान 'गडबड' होतं. दोन गोष्टी मला पुन्हा शिकवायच्या आहेत, हे मला त्या शनिवारी कळलं. हे 'फक्त अकरा' या शब्दांत कुठंच नव्हतं. आणि वीसपैकी वीस पडले असते, तर मला काहीच कळलं नसतं. ज्या पेपरात सगळ्यांना वीस पडतात, तो पेपर मी सोपा काढलेला असतो, म्हणजे त्या शनिवारी मला घरी लवकर जायचं असतं.

आता तुमचं काम. आतापर्यंत आपण पेपरवर पालकांची सही घेत होतो. ती पद्धत बंद. कारण काही सह्या फारच सुंदर येऊ लागल्या. जे पालक कंपनीच्या गेटवर रोज येता-जाता सही करतात, त्यांची सही खरं म्हणजे ओढलेली एक रेघ असते. पेपरवर मात्र त्यांचं नाव, आडनाव, वडिलांचं नाव, खाली दोन टिंबं आणि एक रेघ, असं सगळं वळणदार. गुण जितके कमी, तितकी सही देखणी.

त्याऐवजी एवढं करा. मुलाला चुकलेलं एक गणित तुम्हाला समजावून सांगायला लावा. एकच. तुम्हाला बीजगणित येत नसलं तर उत्तम. ज्यांना येतं ते वडील मध्येच वही ओढून घेतात, स्वतः सोडवून दाखवतात आणि 'आमच्या वेळी' सुरू करतात. पोर मान हलवतं, गणित बापाचं पक्कं होतं. त्यापेक्षा ज्या आईला यातलं काही कळत नाही, ती चांगली. तिनं फक्त दोनच प्रश्न विचारायचे: 'ते कसं?' आणि 'का?'

हे मी अंदाजानं सांगत नाही. त्या १५ आणि ५४ च्या गणितात एका मुलीनं सगळं बरोबर मांडलं, अवयवही बरोबर पाडले, (x − 9)(x − 6) = 0 इथवर आली आणि उत्तर लिहिलं, उणे ९ आणि उणे ६. कंसात वजा दिसलं म्हणून उत्तरातही वजा. हीच चूक निम्मा वर्ग करतो. रात्री ती आईला समजावून सांगत होती. आई शेंगा फोडत होती. आई म्हणाली, "दोन्हीची बेरीज पंधरा म्हणालीस न्हवं तू मघाशी? मग वजा नऊ आणि वजा सहाची पंधरा कशी हुईल?" मुलगी गप्प. त्या माउलीनं सातवीनंतर शाळा पाहिलेली नाही, पण तिनं जे विचारलं त्याला गणितात ताळा म्हणतात. मिळालेलं उत्तर प्रश्नात परत घालून बघायचं. एवढी एक सवय लागली तर वर्षभरातल्या 'ग' ची संख्या निम्म्यावर येते, आणि त्यासाठी घरात एक पाटीभर शेंगा पुरतात.

दुसरं, पायऱ्या बघा. चार गुणांच्या गणितात चल मानलं, समीकरण मांडलं, सोडवलं, उत्तर वाक्यात लिहिलं, या टप्प्यांना गुण असतात. उत्तर चुकलं तरी वरच्या पायऱ्यांचे मिळतात. नुसतं '९ आणि ६' असं बरोबर उत्तर लिहिणाऱ्याला मात्र फारसं काही मिळत नाही. काही पालकांचं म्हणणं असतं, "पोरगं तोंडी करतंय ओ सर, हुशार हाय." हुशार आहे, मान्य. पण पेपर तपासणाऱ्याला त्याचं तोंड दिसत नाही.

गैरहजेरीबद्दल. शनिवारी लग्न असेल, शेतावर रात्रीची लाईट असल्यामुळं पाणी पाजायला जावं लागलं असेल, टेंबलाईच्या डोंगरावर नवस फेडायचा असेल, तर पेपर सोमवारी द्यावा. पण तो पेपर तोच नसेल. दिसायला तोच असेल, आकडे वेगळे असतील. हा नियम मागच्या वर्षी आला. सोमवारच्या पेपरात मी बेरीज १५ तशीच ठेवली आणि गुणाकार ५४ चा ५६ केला. उत्तर ७ आणि ८. एका विद्यार्थ्यानं चल मानलं, समीकरण बरोबर मांडलं, मग दोन ओळी अतिशय अस्पष्ट अक्षरात लिहिल्या आणि खाली ठसठशीत उत्तर दिलं: ९ आणि ६. नऊ सक छप्पन्न! पाढ्यांच्या इतिहासात ही घटना बहुतेक आपल्या उचगावात पहिल्यांदाच घडली. त्याला मी विचारलं, "हे कसं आलं?" तो म्हणाला, "सर, गडबडीत." मी समासात नवीन अक्षर सुरू केलं, 'मि', म्हणजे मित्राकडून.

नंबर काढणार नाही. गुण ग्रुपवर टाकणार नाही. शेजारच्या मुलाला किती पडले हे मी सांगणार नाही, तुम्ही ते तरीही काढाल. दोन मुलांचे गुण शेजारी ठेवण्याऐवजी एकाच मुलाचे चार शनिवारचे पेपर शेजारी ठेवा. गुण बघू नका, समास बघा. महिन्याभरापूर्वी 'स' होते तिथं आता 'वि' आणि 'ग' दिसत असतील, तर मूल पुढं सरकलं, मग गुण अकराचे बाराच झालेले असले तरी. आणि चारही पेपरांत तेच गणित त्याच जागी चुकत असेल, तर मला फोन करा. रात्री नऊच्या आत. साडेदहाला फोन करून 'पोरगं अजून झोपलं न्हाई, अभ्यास करतंय' असं कौतुकानं सांगू नका, त्याला झोपवा. जागून डोळे लाल होतात, श्रेढी पाठ होत नाही.

या योजनेला एक मर्यादा आहे, तीही सांगून ठेवतो. जे मूल कधी क्लासला आलंच नाही, त्याची उजळणी शनिवारच्या पेपरानं होत नाही. उजळायला आधी काहीतरी असावं लागतं. अशा मुलांना मी पहिले तीन आठवडे फक्त रेषीय समीकरणं आणि संभाव्यता देणार आहे, बाकी धड्यांना हात लावणार नाही. सगळं थोडं थोडं करून काहीच न येण्यापेक्षा दोन धडे धड आलेले बरे. पास व्हायचं म्हणजे गणितात शंभरापैकी पस्तीस लागतात, आणि त्या शंभरातले वीस गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. त्यांच्या वडिलांना यावरून नव्वद टक्क्यांची स्वप्नं पडू लागली तर ती मी थांबवू शकत नाही.

कळावे, लोभ असावा, फी वेळेवर यावी.

आपला,
मुलांचे गणिताचे सर

ता. क. हे पत्र पुन्हा पुन्हा वाचू नये. आता मिटून कपाटात ठेवावं आणि पुढच्या शनिवारी, पत्र न उघडता, खालील प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून मुलाबरोबर पाठवावीत. मुलाला विचारू नये.

प्रश्न १. 'गडबडीत चुकलं' हे खरं की खोटं, ते कसं ओळखाल? (२ गुण)

प्रश्न २. तुमच्या पाल्याला अकरा गुण पडले. तुम्ही सर्वप्रथम कुठं बघाल? 'शेजारच्या मुलाकडं' या उत्तरास गुण नाहीत. (१ गुण)

प्रश्न ३. दोन संख्यांची बेरीज १५, गुणाकार ५६. मुलानं उत्तर ९ आणि ६ लिहिलं. तो शनिवारी कुठं होता आणि त्यानं फोन कुणाला केला? पायऱ्यांसह लिहा. (२ गुण)

उत्तरपत्रिका तपासून सोमवारी मिळतील. त्यावर मुलांची सही घ्यावी.